हंगेरियन भाषेतला लांब शब्द कसा उकलायचा

बुडापेस्टला आल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. तिच्या छोट्या स्वयंपाकघरात आम्ही सात-आठ जण दाटीवाटीने उभे होतो. ग्लास वर झाले आणि सगळे तिच्याकडे बघून एकदम म्हणाले, ‘एगेश्शेगेद्रे!’ तिनेही ग्लास उचलला आणि आम्हा सगळ्यांना म्हणाली, ‘एगेश्शेगेतेक्रे!’ मला वाटलं, ती तेच म्हणाली. घरी येऊन दोन्ही शब्द वहीत लिहिले तेव्हा दिसलं की मधला एक तुकडा बदलला होता. आम्ही तिला ‘तुझ्या’ म्हणालो होतो, तिने आम्हाला ‘तुमच्या’ म्हटलं होतं. बाकी शब्द तसाच होता.

नव्याने हंगेरियन शिकणाऱ्या मराठी माणसासाठी मी सुरुवात याच शब्दापासून करते. शब्द रोज कानावर पडतो (कोणी शिंकलं तरी हाच म्हणतात) आणि पुढे भेटणाऱ्या लांबलचक शब्दांची सगळी रचना यात छोट्या आकारात आहे. रस्त्यावरच्या पाट्या रोमन लिपीत असतात, म्हणून मूळ शब्द त्याच लिपीत देते आहे, जोड उघडे करून. खऱ्या लिखाणात या आडव्या रेघा नसतात.

```
egész-ség-ed-re
egész-ség-etek-re
```

पहिला तुकडा ‘अख्खा, धड’ या अर्थाचा. दुसरा आपल्या ‘पणा’चं काम करतो; दोन्ही मिळून ‘धडधाकटपणा’, म्हणजे आरोग्य. तिसरा ‘तुझ्या’ किंवा ‘तुमच्या’. चौथा ‘वर’. ‘तुझ्या आरोग्यावर’ असा हा शब्द. वयाने मोठ्या किंवा अनोळखी माणसाला, जिथे आपण ‘आपण’ म्हणू, तिथे तिसरा तुकडा पुन्हा बदलतो आणि शब्द ‘एगेश्शेगेरे’ होतो. घरमालकीणबाई शिंकल्या तर हे रूप वापरायचं, मैत्रिणीसाठीचं नाही.

उच्चाराचं एवढंच लक्षात ठेवा. ‘एस’ हे अक्षर एकटं आलं की श, त्याला ‘झेड’ जोडलं की स. स्वरावर तिरकी रेघ असेल तर तो लांबवायचा. बिनरेघेचा ‘a’ हा आपल्या ‘ऑ’च्या जवळचा आणि रेघेचा म्हणजे सरळ ‘आ’. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, शब्द कितीही लांब असला तरी. त्यामुळे ऐकताना नवा शब्द कुठे सुरू झाला ते नेमकं कळतं.

आधी शेवट बघा, मग सुरुवात

लांब शब्द दिसला की डावीकडून एकेक अक्षर वाचत जाण्याची सवय सोडा. आधी शेवटचा तुकडा शोधा. तो सांगतो की हा शब्द वाक्यात काय करतो आहे: आत आहे, वर आहे, कडे चालला आहे, साठी आहे. मग सुरुवातीला जाऊन मूळ शब्द शोधा. मधलं सगळं शेवटी.

मराठी कानाला हे अवघड जाऊ नये, कारण आपण दिवसभर हेच करतो. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा शब्द घ्या. घर, मग त, मग ल्या, मग अनेकवचनाचा अनुस्वार, मग ना, मग सुद्धा. कोणी असा शब्द उच्चारला तर आपल्याला धाप लागत नाही. इंग्रजीतून हंगेरियन शिकायला गेलं की मात्र प्रत्येक तुकडा परका वाटतो, कारण इंग्रजीत हे सगळे सुटे शब्द असतात आणि मूळ शब्दाच्या आधी येतात. माझा आग्रह आहे की पहिले काही महिने अर्थ वहीत मराठीतच लिहा. ‘वर’, ‘त’, ‘साठी’, ‘पासून’ हे शब्दामागे चिकटणारे तुकडे आपल्याकडे तयार आहेत.

आणखी एक गोष्ट ओळखीची निघते. सफरचंदाला हंगेरियनमध्ये ‘ऑल्मॉ’ म्हणतात, पण ‘सफरचंदात’ म्हणायचं झालं की ते ‘ऑल्माबॉन’ होतं. शेवटचा ऱ्हस्व स्वर प्रत्यय लागण्याआधी लांबतो.

```
alma
almá-ban
```

हे आपलं सामान्यरूपच. घोडा, पण घोड्याला. आंबा, पण आंब्यात. आपल्याकडे लिंगानुसार दहा तऱ्हा आहेत. तिथे नियम एकच, शेवटी बिनरेघेचा ‘a’ किंवा ‘e’ असेल तर त्यावर रेघ येते. भाषेत लिंगभेद मुळात नाहीच. शब्दकोशात ‘ऑल्मा’ शोधून सापडला नाही तर रेघ काढून पुन्हा शोधा.

एकाच प्रत्ययाचे दोन रंग

मराठीत जे अजिबात नाही आणि ज्यावर सुरुवातीला खरा वेळ द्यावा लागतो, ते म्हणजे स्वरांचा मेळ. खालचे दोन शब्द शेजारी ठेवून बघा.

```
egész-ség-ed-re
barát-ság-od-ra
```

दुसरा शब्द ‘तुझ्या मैत्रीवर’. ‘बॉरात’ म्हणजे मित्र. ‘तुझ्या मैत्रीवर भिस्त आहे’ असं आपण म्हणतो, अगदी तसंच तेही म्हणतात, वाक्यातला ‘वर’सुद्धा तोच. आता तुकडे जोडीजोडीने बघा. शेग आणि शाग, एद आणि ओद, रे आणि रॉ. अर्थ एकच, स्वर वेगळा. मूळ शब्दात आ, ऑ, ओ, उ असे घशाकडचे स्वर असतील तर मागून येणारे सगळे प्रत्यय तोच सूर धरतात. मूळ शब्दात ए असेल, किंवा ओठ गोल करून म्हटलेला ए किंवा इ असेल, तर प्रत्ययही पुढच्या सुरात येतात. मूळ शब्द सूर लावतो आणि मागची साथ त्याच सुरात चालते.

याचा वाचताना मोठा फायदा होतो. ओळखीचा प्रत्यय दोन रूपांत पाठ करायचा म्हणजे दुप्पट काम, असं आधी वाटतं. प्रत्यक्षात सूर कुठे बदलला हे बघून दोन शब्द एकत्र जोडलेले आहेत का, हे कळतं. या शहराचंच नाव घ्या.

```
Budá-n
Pest-en
Budapest-en
```

बुडा आणि पेश्त ही १८७३ पर्यंत वेगळी शहरं होती. त्या वर्षी ती दोन्ही आणि ओबुडा एकत्र झाली. ‘बुडात’ म्हणताना घशाकडचा सूर, ‘पेश्तमध्ये’ म्हणताना पुढचा. जोडनावाला प्रत्यय लावताना भाषा फक्त शेवटच्या घटकाकडे बघते, म्हणून ‘बुडॉपेश्तेन’. लांब शब्दात आधी ऑ-ओ आणि मग अचानक ए-ए दिसू लागले, तर तिथे बहुधा दोन शब्दांचा सांधा असतो. त्या सांध्यावर पेन्सिलीने रेघ मारा आणि शब्दकोशात दोन्ही भाग वेगळे शोधा.

अपवाद आहेत. रोज भेटणारा अपवाद म्हणजे पूल. ‘हीद’ या शब्दात स्वर ई आहे, पण प्रत्यय घशाकडच्या सुरात लागतो: ‘पुलावर’ म्हणजे ‘हीदोन’. डॅन्यूबवर इतके पूल आहेत की हा शब्द आपोआप पाठ होतो.

वरच्या उदाहरणांत ‘बुडापेस्टमध्ये’ म्हणताना मी जो प्रत्यय दिला, त्याचा खरा अर्थ ‘वर’ असा आहे. हंगेरीतल्या बहुतेक गावांच्या ‘वर’ राहतात. परदेशातल्या शहरांच्या मात्र ‘आत’ राहतात. म्हणून मुंबईला जोडायचा प्रत्यय ‘बॉन’:

```
Mumbai-ban
```

हंगेरीतल्या काही गावांनाही ‘आत’चाच प्रत्यय लागतो. देब्रेत्सेन त्यातलं एक. गावाचं नाव शिकताना त्याचा प्रत्यय सोबतच शिकून टाका, नंतर बदलणं जिवावर येतं.

माझं, माझी, माझ्या

आता घर हा शब्द घेऊन पायरी पायरीने जाऊ. ‘हाझ’ म्हणजे घर.

```
ház-ban         घरात
ház-ak-ban      घरांत
ház-am-ban      माझ्या घरात
ház-ai-m-ban    माझ्या घरांत
ház-ai-tok-ban  तुमच्या घरांत
```

क्रम कधीच हलत नाही. आधी वस्तू, मग एक की अनेक, मग कोणाची, मग कुठे. मराठीत ‘माझ्या’ आधी येतं आणि वेगळं उभं राहतं, म्हणून बोलताना आपली जीभ आधी ‘माझ्या’ शोधते. तिला थांबवायला हवं. मी महिनाभर मनात ‘घर-अनेक-माझी-त’ असं म्हणून मग बोलत असे.

दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत नीट बघा. नुसती ‘घरं’ म्हणताना अनेकवचनाची खूण ‘ऑक’ आहे. ‘माझी घरं’ म्हणताना ती खूण नाहीशी होते आणि तिच्या जागी इ येतो. नवा माणूस हमखास ‘हाझॉकॉम’ असं काहीतरी करतो, म्हणजे दोन्ही खुणा एकापुढे एक लावतो. ऐकणारा समजून घेतो, पण रूप चुकीचं. वाचताना याचा उलटा उपयोग करा: ‘माझा-तुझा’च्या तुकड्याच्या लगेच आधी इ दिसला, की वस्तू अनेक आहेत.

या तुकड्यांची एक गंमत पुढे क्रियापदांत उपयोगी पडते. ‘माझं’ सांगणारा म आणि ‘मी’ सांगणारा म बऱ्याचदा सारखाच असतो, आणि ‘आमचं’ व ‘आम्ही’ यांचंही तसंच. ‘वार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, किल्ला आणि वाट बघणं. त्यामुळे

```
vár-unk
```

हा शब्द एकटा वाचला तर ‘आमचा किल्ला’ असेल किंवा ‘आम्ही वाट बघतोय’. आधी ‘ऑ’ हे छोटं उपपद असेल तर किल्ला. नसेल तर बहुधा वाट बघणं. लांब शब्द उकलताना अर्थ जुळेना झाला की तुम्ही नामाला क्रियापद समजलात का, हे आधी तपासा.

‘घरात’ दोन असतात

मराठी माणसाची खास आपली अशी एक चूक आहे आणि ती मी अजूनही करते. आपण ‘घरात आहे’ म्हणतो आणि ‘घरात जाते’ही म्हणतो. दोन्हीकडे एकच त. हंगेरियनमध्ये हे दोन वेगळे प्रत्यय आहेत, आणि बाहेर येण्याचा तिसरा.

```
ház-ba    घरात (जाते)
ház-ban   घरात (आहे)
ház-ból   घरातून
```

‘वर’चं तेच. टेबलावर ठेवणं वेगळं, टेबलावर असणं वेगळं, टेबलावरून उचलणं वेगळं. म्हणूनच आरोग्याच्या शुभेच्छेत ‘रे’ आला: शुभेच्छा आरोग्याकडे निघाली आहे, तिथे बसलेली नाही. ‘कडे, पाशी, पासून’ अशी तिसरी त्रयी आपल्याकडे आहेच, आणि तिथे आपण चुकत नाही, कारण मराठीतही ते शब्द वेगळे आहेत. एकदा मी दुकानात उभी राहून मैत्रिणीला निरोप टाइप केला, ‘दुकानात आहे’. तिने उत्तरात माझाच शब्द परत पाठवला, शेवटी फक्त एक ‘एन’ वाढवून. मी ‘आत चालले’चा प्रत्यय लावला होता आणि क्रियापद ‘आहे’चं. बोलताना हंगेरियन लोकही तो शेवटचा न बऱ्याचदा गाळतात, त्यामुळे ऐकून शिकलेल्याला चूक कळतच नाही. लिहिताना न हवाच. वाक्यातलं क्रियापद हालचालीचं आहे का, एवढं विचारून मग प्रत्यय लावा.

दोनदा आलेलं अक्षर

‘ने’ आणि ‘सह’ या दोन्हींचं काम एकच प्रत्यय करतो, ‘वॉल’ किंवा ‘वेल’. पण तो तुम्हाला या रूपात क्वचितच दिसेल. शब्दाच्या शेवटी व्यंजन असेल तर त्यातला व त्या व्यंजनासारखा होऊन जातो.

```
tej + vel        →  tejjel
vonat + val      →  vonattal
villamos + val   →  villamossal
metró + val      →  metróval
```

दुधासह, आगगाडीने, ट्रामने, मेट्रोने. मेट्रोच्या शेवटी स्वर आहे, म्हणून तिथे व जसाच्या तसा राहिला. पहिल्या हिवाळ्यात कॉफीच्या काउंटरवर मी ठामपणे ‘तेयवेल’ म्हटलं. काउंटरवरच्या बाईंनी कप हातात धरून शांतपणे ‘तेय्येल’ म्हटलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. मी तो शब्द परत म्हटल्यावरच दूध ओतलं. त्या दिवसापासून लांब शब्दाच्या शेवटी जोडव्यंजन आणि मग ‘ऑल’ किंवा ‘एल’ दिसलं, की मी त्यातलं एक व्यंजन काढून टाकते. उरतो तो मूळ शब्द. ‘माझ्या कुत्र्यांसह’ हा शब्द असाच सुटतो: ‘कुत्यॉ’ म्हणजे कुत्रा, त्याचा स्वर लांबला, इ आला, म आला, आणि वॉलचा व त्या म मध्ये विरघळला.

```
kutyá-i-m-mal
```

एका शब्दात अख्खं वाक्य

नामं इथवर येतात. अख्खं वाक्य पोटात घेतात ती क्रियापदं. दुकानात काचेमागे वस्तू आहे, ती हातात घेऊन बघायची आहे. इंग्रजीत पाच-सहा शब्दांची विनंती होते. इथे एक शब्द पुरतो, ‘मेग्नेझ्हेत्नेम?’

```
néz-em
néz-het-em
néz-het-né-m
meg-néz-het-né-m
```

‘नेझ’ म्हणजे बघणं. शब्दकोशात क्रियापद याच रूपात मिळतं, ‘तो बघतो’ या अर्थाच्या, प्रत्यय नसलेल्या रूपात. पहिली ओळ ‘मी ते बघते’. दुसऱ्या ओळीत ‘हेत’ आला, तो ‘शकणं, मुभा असणं’ सांगतो: ‘मी ते बघू शकते’. तिसऱ्या ओळीत ‘ने’ आला, त्याने वाक्य मऊ झालं: ‘बघता येईल का मला ते’. चौथ्या ओळीत सुरुवातीला ‘मेग’ लागला. इंग्रजी पुस्तकं या ‘मेग’वर पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याकडे तो तयार आहे. ‘बघते’ आणि ‘बघून घेते’, ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यांत जो फरक आहे, तोच ‘मेग’ करतो. काम पुरतं करणं. म्हणून चौथी ओळ म्हणजे ‘जरा बघून घेऊ का?’

शेवटच्या म मध्ये दोन गोष्टी आहेत. ‘मी’ तर आहेच, शिवाय ‘ते, ठरलेलं’ ही वस्तूही त्यात आहे. मराठीत भूतकाळात क्रियापद कर्माकडे बघतं: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. हंगेरियन क्रियापदही कर्माकडे बघतं, पण त्याचा प्रश्न वेगळा असतो. कर्म ठरलेलं आहे की कुठलंही चालेल? काचेमागच्या त्याच जोड्याकडे बोट दाखवलं असेल तर म. नुसता ‘एखादा जोडा दाखवा’ असं असेल तर शेवट बदलतो.

```
Megnézhetném?
Megnézhetnék egy cipőt?
```

पहिला प्रश्न बोट दाखवून एकटा उभा राहतो. दुसऱ्या रूपानंतर तुम्ही गप्प बसलात तर दुकानदार पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो, कारण ‘काय?’ हे सांगायचं राहिलेलं असतं. आपल्या बोलण्यानंतर समोरचा असा थांबला, की समजायचं, शेवट चुकला.

आणि शेवटच्या तुकड्यात दोन माणसं बसल्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण हे:

```
szeret-lek
```

‘सेरेत’ म्हणजे प्रेम करणं, आणि ‘लेक’ म्हणजे ‘मी तुझ्यावर’. कर्ता आणि कर्म एकाच प्रत्ययात. ‘वारलॉक’ म्हणजे ‘मी तुझी वाट बघते’. लेकचा लॉक झाला, कारण वार घशाकडच्या सुरातला.

आता अवघड शब्द. गेल्या वर्षी भाड्याच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. दुरुस्ती मी करणार नव्हते, घरमालकही नाही, कोणाला तरी बोलवायचं होतं, आणि त्याची परवानगी हवी होती. मी घरमालकांना फोनवर एकच शब्द म्हटला, कागदावर आधी जोड पाडून लिहून:

```
meg-javít-tat-hat-ná-m
```

शेवटून सुरू करा. म: मी, ते ठरलेलं मशीन. ना: मऊ विनंती, मघाच्या ‘ने’चं दुसऱ्या सुरातलं रूप. हॉत: मुभा, मघाचा ‘हेत’. मग सुरुवातीला ‘मेग’, काम पुरतं करणं. ‘यॉवीत’, दुरुस्त करणं. राहिला मधला ‘तॉत’. तो ‘करणं’चं ‘करवणं’ करतो. सगळं मिळून: ‘ते मी दुरुस्त करवून घेऊ का?’ दोन त एकापुढे एक आले आहेत, कारण पहिला मूळ शब्दाचा आणि दुसरा ‘करवण्या’चा. एक त गाळलात तर शब्द मोडतो. घरमालक ‘हो’ म्हणाले आणि लगेच खर्चावर आले.

क्रियापदाचा क्रमही ठरलेला आहे: पुरतं करणं, मूळ काम, करवणं, शकणं, काळ किंवा विनंती, आणि शेवटी कोण. फक्त ‘मेग’ला पाय आहेत. नकार आला की तो उडी मारून क्रियापदाच्या मागे जाऊन उभा राहतो.

```
megnézem
nem nézem meg
```

वाक्यात क्रियापदाच्या मागे एखादा छोटा अनाथ शब्द दिसला, मेग, एल, कि, बे, तर तो शब्दकोशात शोधण्याआधी क्रियापदाच्या पुढे जोडून बघा. नाहीतर ‘जाणं’ शोधाल आणि वाक्य ‘बाहेर जाणं’चं असेल. गंमत म्हणजे ‘बघून घेतलंस का?’ असं विचारलं तर उत्तरात नुसतं ‘मेग’ म्हणतात. आपण ‘घेतलं’ एवढंच म्हणतो ना, तसं.

चव्वेचाळीस अक्षरांचा शब्द

हंगेरियन शिकतोय असं सांगितलं की कोणीतरी हा शब्द म्हणून दाखवतोच. रोजच्या बोलण्यात तो कोणी वापरत नाही, पण सरावाला याच्यासारखा दुसरा नाही.

```
meg-szent-ség-telen-ít-het-etlen-ség-es-ked-és-ei-tek-ért
```

घाबरू नका, शेवट बघा. ‘एर्त’: साठी, बद्दल. त्याआधी ‘तेक’: तुमच्या. हा तुकडा वाढदिवसाच्या शब्दात येऊन गेला. त्याआधीच्या ‘एइ’मधला इ सांगतो की त्या गोष्टी अनेक आहेत. म्हणजे अर्धा शब्द न वाचताच कळलं: ‘तुमच्या कसल्यातरी अनेक गोष्टींबद्दल’.

आता सुरुवात, पण ‘मेग’ क्षणभर बाजूला ठेवा. ‘सेंत’ म्हणजे पवित्र. ‘शेग’, पणा: पावित्र्य. ‘तेलेन’, नसलेला: अपवित्र. ‘ईत’, तसं करणं: अपवित्र करणं. इथे पहिल्यांदा क्रियापद तयार झालं, आणि ‘मेग’ आता याला येऊन लागतो: विटाळून टाकणं. तो ‘सेंत’ला लागलेला नाही, जरी त्याला चिकटून बसलेला दिसतो. सरळ डावीकडून वाचणारे नेमके इथे अडकतात. पुढे ‘हेत’, शकणं, आणि ‘एत्लेन’, न: विटाळता न येणारा. पुन्हा ‘शेग’: विटाळता न येण्याचा गुण. ‘एश’, तो गुण असलेला. ‘केद’, तसं वागत राहणं. ‘एश’ हा तुकडा पुन्हा आला, पण आता स्वरावर रेघ आहे आणि काम वेगळं आहे. तो क्रियेचं नाम करतो, आपल्या ‘वागणं’मधल्या ‘णं’सारखा.

सगळं जोडून: ‘तुम्हाला कोणी विटाळूच शकत नाही, अशा थाटात तुम्ही जे वारंवार वागता, त्याबद्दल’. मी हा शब्द कागदाच्या चौदा चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर मांडला होता आणि उजवीकडून एकेक चिठ्ठी उचलत गेले. जिथे थांबावं तिथे काहीतरी अर्थाचा शब्द उरतोच असं नाही. ‘केद’नंतर थांबलं तर क्रियापद उरतं, ‘एत्लेन’नंतर विशेषण, ‘हेत’च्या आधी क्रियापद. पण ‘एइ’वर थांबलं तर ‘त्याचं वागणं’ (अनेक) असा भलताच अर्थ निघतो, कारण तिथे मालक बदलतो. हा खेळ एकदा हाताने खेळून बघा. त्यानंतर पाटीवरचा बारा-पंधरा अक्षरांचा शब्द डोळ्यांना आपोआप तुटलेला दिसायला लागतो.

दुकानातून निघताना म्हणायचा शब्दही आता तुमचा तुम्हाला सोडवता येईल. ‘व्हिसोन्त’ म्हणजे परत, ‘लात’ म्हणजे दिसणं, ‘आश’ म्हणजे मघाच्याच ‘णं’चं घशाकडचं रूप, आणि ‘रॉ’.

```
viszont-lát-ás-ra
viszont-hall-ás-ra
```

दुसरी ओळ फोनवरची. फोनवर माणूस दिसत नाही, ऐकू येतो, म्हणून मधला ‘लात’ काढून तिथे ऐकण्याचा ‘हॉल’ बसवतात. घरमालकांशी मशीनचं बोलणं संपल्यावर मी सवयीने पहिला शब्द म्हणायला गेले आणि ‘लात’पाशी अडखळले. पलीकडून त्यांनी दुसरा शब्द सावकाश, चारही तुकडे सुटे करून म्हटला. मी तो तसाच परत म्हटला आणि फोन ठेवला.